मासे तळताना तेल अंगावर उडतं, ते नेमकं कधी उडतं ते आधी बघा

गेल्या महिन्यात एका रविवारी साडेअकराला धाकट्या दिरांचा फोन आला. नोकरीसाठी नुकतेच एकटे राहायला लागले आहेत, स्वयंपाक शिकतायत. "वहिनी, मी सुरमई तळायला घेतली आणि पहिलीच तुकडी टाकल्यावर तेल असं उडालं की मी गॅस बंद करून बाहेर येऊन बसलोय. मनगटावर तीन ठिकाणी भाजलंय."

आधी मनगट नळाखाली धरायला सांगितलं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळदही नको, नळाचं साधं गार पाणी वीस मिनिटं. तो वेळ आम्ही फोनवरच होतो, म्हणून मी विचारलं, "भाऊजी, तेल कधी उडालं? टाकल्याटाकल्या की थोड्या वेळाने?"

हा प्रश्न मी मुद्दाम विचारते. तेल उडतंय अशी तक्रार सगळेच करतात, पण कधी उडतंय हे फार कमी जण लक्षात ठेवतात. आणि खरं तर तिथेच सगळं कळतं. काहीच टाकलेलं नसताना तेल तडतडलं तर पाणी भांड्यात होतं. टाकल्याटाकल्या उडालं तर ते मासळीच्या किंवा भाजीच्या अंगावर होतं. दोन-तीन मिनिटांनी एकदम फाटकन उडालं तर ते कुठेतरी आत कोंडलेलं होतं. उलटताना उडालं तर वरच्या बाजूला साचलेलं होतं. म्हणजे चोर एकच, पाणी. ते कुठे लपलं होतं तेवढं शोधायचं.

भाऊजी म्हणाले, "टाकल्याटाकल्या तर उडालंच, पण जरा शांत झालं म्हणून मी जवळ गेलो तर परत उडालं."

ओल्या वस्तूने तेल उडतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यात एक बारकावा आहे. कांदा घ्या. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. तरी कोरडा चिरलेला कांदा तेलात पडला की नुसती चर्र आवाजाची सळसळ होते, तेल फारसं उडत नाही. कारण ते पाणी कांद्याच्या पेशींमध्ये बंद असतं आणि हळूहळू, बारीक बुडबुड्यांनी बाहेर येतं. तोच कांदा चिरून पाण्यात ठेवला आणि मुठीने उचलून थेट कढईत टाकला, तर मात्र हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. आतलं पाणी दोन्हीकडे तेवढंच. फरक बाहेर चिकटलेल्या सुट्या थेंबांचा.

हा सुटा थेंब करतो काय? पाणी तेलापेक्षा जड, म्हणून तो तेलाखाली जातो. तळणीचं तेल साधारण १७० ते १८० अंशांवर असतं आणि पाण्याची वाफ १०० अंशांवर होते. म्हणजे थेंब खाली पोचेपर्यंत त्याची वाफ व्हायला लागलेलीच असते. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. एका थेंबाची अर्धी वाटी वाफ! ती तेलाच्या पोटातून एका क्षणात वर येते आणि येताना वरचं तेल उडवून लावते. आपल्या हातावर जे पडतं ते तेल असतं, पण त्याला ढकलणारं पाणी असतं. म्हणून तेल कोणतं वापरलं, शेंगदाण्याचं की सूर्यफुलाचं, याने विशेष काही बदलत नाही.

एवढं समजलं की काम सोपं होतं. आतलं पाणी काढायचंच नाही, ते राहिलं पाहिजे, नाहीतर मासा चिवट होईल. सुटं पाणी तेवढं तेलापर्यंत पोचू द्यायचं नाही.

भाऊजींची सुरमई

आता त्यांनी काय काय केलं होतं ते सांगते, कारण बहुतेक घरांत हेच होतं. अर्धा किलो सुरमई, सात तुकड्या, फ्रीजरमधली. सकाळी ताटात काढून ओट्यावर ठेवली. तासाभराने बर्फ सुटलेला दिसला म्हणून त्याच ताटात मीठ, हळद, लाल तिखट, आलं-लसणाची वाटण आणि चांगला दोन पळ्या आगळ ओतला. अर्धा तास मुरत ठेवलं. मग तुकडी उचलली, रव्यात एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने टेकवली आणि सरळ तव्यावर. तवा इतका तापलेला की धूर येत होता, कारण कुठेतरी ऐकलं होतं की तेल कडकडीत तापलं पाहिजे.

यात पाणी चार वाटांनी आलं. फ्रीजरमध्ये मासा गोठतो तेव्हा त्याच्या अंगातल्या पाण्याचे बर्फाचे खडे होतात आणि ते मांसाचे धागे आतून फाडतात. म्हणून ताज्या मासळीपेक्षा गोठवलेली मासळी वितळताना जास्त पाणी सोडते. ते पाणी ताटातच राहिलं. त्यात मीठ पडलं, आणि मीठ तर मासळीच्या अंगातून आणखी पाणी ओढून काढतं. वर आगळ ओतला, तो तर पातळच. आणि मग तुकडी या सगळ्या लाल पाण्यात अर्धा तास बसून राहिली. वरचा रवा एवढं पाणी कसा शोषणार? तो चिखल होऊन बसला, काही तव्यावर गळला आणि उरलेलं पाणी त्याच्या खालून तेलात उतरलं.

मी त्यांना उरलेल्या सहा तुकड्या घेऊन पहिल्यापासून करायला लावलं. फोन स्पीकरवर ओट्याच्या टोकाला ठेवून.

आधी तुकड्या चाळणीत काढायच्या, ताटात नाही. चाळणीखाली ताट. पाच मिनिटांत खाली दोन-तीन चमचे पाणी जमलं, आणि हे मसाला लावून अर्धा तास झाल्यावरचं. भाऊजींना ते बघून नवल वाटलं. खरं म्हणजे वितळायलाही चाळणीतच ठेवायचे, आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. म्हणजे सुटलेलं पाणी खाली जातं आणि मासा त्यात भिजत राहत नाही. ओट्यावर उन्हाळ्याच्या दिवसांत तास-दीड तास मासे ठेवणं तसंही बरं नव्हे.

पुढच्या वेळी मसाल्याचा क्रमही बदलायचा. तो असा. तुकड्यांना फक्त मीठ आणि हळद चोळायची, वीस मिनिटं ठेवायची. आगळ लावायचा असेल तर तोही याच वेळी. सुटायचं ते पाणी याच वेळात सुटतं. ते ओतून टाकायचं, हो, मसाला वाया गेल्यासारखं वाटतं, पण त्यात मीठ आणि माशाचा वास याखेरीज काही नसतं. मग प्रत्येक तुकडी स्वच्छ कोरड्या फडक्यावर ठेवून दोन्ही बाजूंनी टिपायची. पुसायची नाही, दाबून टिपायची. मधल्या काट्याच्या भोवतीची खोबण आणि पोटाकडची दुमड इथे हमखास पाणी असतं, तिथे फडक्याचं टोक घालायचं. त्यानंतर तिखट आणि लसूण लावायचा, आणि तो घट्ट. वाटणात पाणी घालायचं नाही. बोटाने लावला की बोटावर राहावा, ओघळू नये, एवढा घट्ट.

त्या रविवारी मसाला आधीच लागलेला होता, म्हणून आम्ही नुसतं चाळणीत निथळवलं, बोटाने जादा मसाला निपटून काढला आणि वर पीठ लावलं.

पिठाचं काम लोकांना फक्त कुरकुरीतपणापुरतं वाटतं. तेल उडू न देण्यात त्याचा वाटा मोठा आहे. दोन वाटे बारीक रवा आणि एक वाटा तांदळाचं पीठ मी घेते. तांदळाचं पीठ वरचं ओलं शोषून घेतं आणि रवा त्याच्यावर बसतो. गरम तेलात हे आवरण लगेच घट्ट होतं आणि मग आतलं पाणी त्याच्या बारीक बारीक भोकांतून वाफेच्या रूपाने येतं, थेंबाच्या रूपाने नाही. मात्र त्याला वेळ द्यावा लागतो. पिठात घोळवून लगेच तव्यावर टाकलं तर पीठ अजून कोरडंच असतं, ते सुटून तेलात जातं आणि खालची ओली जागा उघडी पडते. म्हणून घोळवलेल्या तुकड्या ताटात सुट्या सुट्या मांडून आठ-दहा मिनिटं ठेवायच्या. मग बघायचं. रव्यावर कुठे ओलसर, गडद ठिपका दिसतोय का? दिसला तर तिथे पाणी अजून वर येतंय. त्या जागी चिमूटभर पीठ दाबायचं आणि तुकडी हलकेच झटकायची. सगळीकडे एकसारखा फिका, खडबडीत रंग दिसला की तुकडी तव्यावर जायला तयार.

आमच्या सहापैकी दोन तुकड्यांवर असे ठिपके आले, दोन्ही पोटाकडच्या. भाऊजींनी ते स्वतः शोधून सांगितले.

तेल किती तापवायचं आणि तुकडी कशी सोडायची

धूर येणारं तेल नको. धूर आला म्हणजे तेल तळायच्या अंशांच्या पुष्कळ पुढे गेलं. तेवढ्या तेलात थेंबाची वाफ आणखी झपाट्याने होते, आणि मसालाही करपतो. धूर दिसला तर गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायचं, हलवाहलव करायची नाही.

पण गार तेलही नको. पुष्कळ जण भीतीने तेल कोमट असतानाच मासे मांडतात. टाकताना काही उडत नाही, बरं वाटतं. पण आवरण घट्ट व्हायच्या आत पाणी खाली उतरून तेलाच्या तळाशी बसतं, आणि तेल तापलं की तेच पाणी खालून उसळतं. पहिली तीन मिनिटं शांतता आणि मग अचानक भडिमार असं होत असेल तर कारण बहुधा हेच.

मधलं तापमान ओळखायला रव्याचे चार दाणे टाकून बघायचे. दाण्यांभोवती लगेच फेस आला आणि ते काळे न पडता नाचायला लागले की तेल झालं. तळाशी गप्प बसून राहिले तर थांबा, टाकताक्षणी तपकिरी झाले तर गॅस कमी करा. तुकडी सोडायच्या आधी गॅस मध्यम करायचा, सगळ्या मांडून झाल्या की थोडा वाढवायचा. म्हणजे चुकून तेल उसळलंच तर खालच्या मोठ्या ज्वाळेवर जात नाही.

आणि आता ती सोडायची रीत, जिथे भाऊजींचा मनगटाचा प्रश्न होता. भीती वाटते म्हणून आपण हात वर धरतो आणि तुकडी वरून टाकतो. वीतभर उंचीवरून पडलेली तुकडी स्वतःच तेल उडवते, पाण्याचा थेंबही लागत नाही. शिवाय तवा पसरट, त्याला उंच काठ नाहीत. त्यामुळे भीतीने जे करतो त्यानेच भाजतं. तुकडीचं एक टोक चिमट्यात किंवा बोटांत धरायचं, दुसरं टोक आपल्या जवळच्या बाजूला तेलाला टेकवायचं आणि मग तुकडी आपल्यापासून लांब आडवी करत सोडायची, दार ढकलून लावावं तशी. तेल उडालंच तर पलीकडे, भिंतीकडे जातं.

हात कोरडे हवेत हे सांगायला नको, पण बांगड्या आणि कोपरं लोक विसरतात. पीठ लावून झाल्यावर आपण हात धुतो, पुसतो, आणि तव्यावर हात नेला की बांगडीत अडकलेलं पाणी मनगटावरून ओघळत येऊन बरोबर तेलात पडतं. माझ्या आईला हे कित्येक वर्षं कळलं नव्हतं. ती म्हणायची, मी टाकते तेव्हाच उडतं, बाकी कुणी टाकलं की नाही उडत. तिच्या हातात डझनभर काचेच्या बांगड्या असायच्या. तळायला घेताना बांगड्या कोपराकडे सरकवून हात पुसायला लागली आणि तिची तक्रार मिटली.

तव्यावर एका वेळी तीनच तुकड्या. जास्त घातल्या की तेल थंड होतं आणि वर सांगितलेली गार तेलाची गोष्ट होते. मग तीन-चार मिनिटं त्यांना हात लावायचा नाही. आवरण घट्ट व्हायच्या आत कालथा घातला की ते फाटतं आणि आतलं पाणी एकदम तेलात येतं. कड सोनेरी दिसली आणि तव्याला हलका झटका दिल्यावर तुकडी आपोआप सरकली की उलटायची वेळ झाली.

उलटण्याआधी वरच्या बाजूकडे एकदा नजर टाका. शिजताना सुटलेलं पाणी कधी कधी मधल्या काट्यापाशी मोत्यांसारखं साचतं. ती तशीच उलटली की ते सगळं एकदम तेलात. कागदी रुमालाचा तुकडा चिमट्यात धरून तो थेंब टिपून घेतला की झालं. कागद तव्याच्या कडेपाशी, ज्वाळेपाशी न्यायचा नाही, वरच्या वर. उलटतानाही कालथ्याने उचलून, दुसऱ्या चमच्याचा आधार देऊन, परत लांबच्या बाजूला आडवी करायची.

सहा तुकड्या तळून झाल्यावर भाऊजींनी ओट्याचा फोटो पाठवला. तव्याभोवती बारीक तुषार होते, ते राहणारच. बुडबुडे फुटतात तेव्हा तेवढं उडतंच. पण अंगावर येणारा एकही मोठा थेंब नाही.

थोड्या वेळाने फाटकन उडणारी मासळी

सुरमईपेक्षा काही मासे वेगळे वागतात. गाबोळी तेलात टाकल्यावर अर्धं मिनिट अगदी शहाण्यासारखी असते आणि मग बंदुकीसारखी फुटते. तिच्यावर पातळ पडदा असतो, आत वाफ कोंडते आणि पडदा फाटला की आतली अंडी आणि तेल दोन्ही उडतात. फडक्याने कितीही टिपलं तरी याचा उपयोग नाही, कारण पाणी बाहेर नाहीच. गाबोळीला काट्याने चार-पाच जागी टोचायचं. त्याहून खात्रीचं म्हणजे आधी मिठाच्या पाण्यात किंवा वाफेवर ती घट्ट होईपर्यंत शिजवायची, गार करून जाड चकत्या करायच्या आणि मग रवा लावून तळायची. मी गेली कित्येक वर्षं अशी आधी शिजवूनच तळते.

अख्खा बांगडा तळताना पाणी पोटात आणि गालाच्या आत राहतं. साफ करून धुतल्यावर बांगडा शेपटीला धरून उलटा टांगल्यासारखा धरला की पोटातलं पाणी खाली येतं. मग पोटात फडक्याचं टोक घालून पुसायचं. बाजूंना दोन-तीन आडव्या चिरा द्यायच्या त्या फक्त मसाला मुरायला नाहीत. त्या नसतील तर कातडीखाली वाफ कोंडून फुगा येतो आणि फुटतो.

बोंबील तर पाण्याचाच मासा. त्याला नुसतं टिपून भागत नाही. पोटाकडून उभा चिरून, मधला काटा काढून उघडायचा, मीठ लावायचं, आणि दोन फडक्यांच्या मध्ये एका रांगेत मांडून वर जड पाटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं ठेवायचं. अर्ध्या तासाने वरचं वजन काढलं की फडकं पिळता येईल इतकं ओलं झालेलं असतं आणि बोंबील पुठ्ठ्यासारखा चपटा. तेव्हा कुठे त्याला मसाला आणि पीठ लावायचं. हे दाबणं टाळून बोंबील तव्यावर टाकला तर पीठ कितीही लावा, दोन मिनिटांत सगळं गळून येतं.

कांदा, कढीपत्ता आणि धुतलेली भाजी

रोजच्या फोडणीत बदनाम कांदा होतो, पण तेल उडवतो बहुतेक वेळा कढीपत्ता. पानं नुकतीच धुतलेली, किंचित खोलगट, प्रत्येकात एक थेंब धरून बसलेली. आणि ती पडतात मोहरी तडतडल्यानंतर, म्हणजे तेल सगळ्यात गरम असताना. बाजारातून आणल्यावरच डहाळी धुवून, फडक्यावर वाळवून, पानं काढून डब्यात ठेवली तर रोजचा त्रास संपतो. नाहीतर फोडणीत मोहरी-जिरं-हिंगानंतर आधी कांदा घाला आणि पानं कांद्याच्या वर टाका. कांद्याने तेल थोडं थंड झालेलं असतं आणि पानं थेट तेलात न पडता कांद्यावर पडतात. वासात थोडा फरक पडतो हे मान्य. पोह्यांना मला पानं आधीच लागतात, म्हणून तिथे मी ती कोरडीच करून घेते.

मिरची मोडून किंवा चिरूनच टाकायची. अख्खी मिरची बंद पुडीसारखी असते, आत वाफ कोंडून फुटते आणि बियांसकट तेल डोळ्याच्या उंचीपर्यंत येतं. हे गाबोळीसारखंच.

पालेभाजी धुवायची ती चिरण्याआधी. चिरल्यावर धुतली की प्रत्येक कापलेल्या कडेला पाणी चिकटतं आणि ते निथळत नाही. मेथी-पालक धुवून रोवळीत किंवा चाळणीत देठं खाली करून उभी ठेवा, पंधरा-वीस मिनिटांनी चिरा. आणि टाकताना सगळी भाजी एकदम टाका, मूठमूठ नाही. हे उलटं वाटेल, पण पहिली लहान मूठ पडते तेव्हा तेल पूर्ण गरम असतं आणि झाकायला काहीच नसतं. एकदम टाकलेली भाजी तेलाला झाकते आणि थंडही करते. हे फक्त दोन-तीन चमचे तेलाच्या फोडणीपुरतं. भरपूर तेलाच्या कढईत असं कधीच करू नका, तिथे फेस चढून तेल उतू जातं. कढई निम्म्यापेक्षा जास्त भरायचीच नाही, तीही याचसाठी.

बटाट्याचे काप पाण्यात ठेवण्याची पद्धत चांगली आहे, पण ते पंच्यावर पसरून वर दुसरा पंचा दाबून घ्या.

झाकण, जाळी आणि मिठाची चिमूट

तेल उडायला लागलं की हात झाकणाकडे जातो. झाकणाने त्या वेळेपुरतं वाचतो, पण आत वाफेचं पाणी होऊन झाकणाला लागतं. मग झाकण उचलताना ते तिरकं झालं की सगळे थेंब ओळीने तेलात उतरतात आणि पहिल्यापेक्षा मोठा भडका उडतो. झाकण ठेवायचंच तर बोटभर फट ठेवून, आणि काढताना आधी सरळ आडवं बाजूला न्यायचं, मग उलटं करायचं. त्यापेक्षा मुठीची बारीक तारेची जाळी मिळते ती बरी. वाफ जाते, तेल अडतं. मात्र धुतल्यावर तिच्या भोकांत पाण्याचे पडदे राहतात, म्हणून ती आधी झटकून पुसून घ्या.

तेलात मीठ टाकलं की तेल उडत नाही असं बऱ्याच घरांत सांगतात. मी खूपदा करून बघितलं. खडे मीठ तर स्वतःच तडतडतं, कारण खड्यांच्या आत ओलावा कोंडलेला असतो. बारीक मिठाने मला काही फरक दिसला नाही. चिमूटभर तांदळाचं पीठ तेलात भुरभुरलं तर थोडे सुटे थेंब त्यात शोषले जातात, पण ते पीठ करपून पुढची तुकडी काळी करतं. पीठ मासळीवर लावलेलं बरं, तेलात नको.

काही टाकायच्या आधीच तेल तडतडत असेल तर कढई धुवून पुसलेली नव्हती. कान, रिव्हेट आणि तळाचा गोल इथे पाणी राहतं. कढई रिकामीच गॅसवर अर्धं मिनिट ठेवा, सगळीकडे पाण्याचे डाग उडून गेले की तेल ओता. नॉनस्टिक तवा मात्र रिकामा तापवायचा नाही, तो नीट पुसूनच घ्या. झारा आणि कालथाही पुसलेला हवा.

तेलाला आग लागलीच, तर पाणी ओतायचं नाही, कढई उचलायची नाही. गॅस बंद, वर धातूचं झाकण किंवा परात सरकवायची आणि गार होईपर्यंत उघडायची नाही. पाणी ओतलं तर तेच थेंबाचं गणित तांब्याभर पाण्याला लागतं आणि पेटतं तेल छतापर्यंत जातं.

भाऊजींनी परवा परत फोन केला. या वेळी मासे ठीक झाले होते, पण दुसऱ्या दिवशी त्याच उरलेल्या तेलात पापलेट तळायला घेतलं तर तेल नुसतं तापतानाच फटफट करत होतं. मी विचारलं, "तेल ठेवलं कशात होतं?" तर तव्यातून वाटीत ओतून, गरम असतानाच ताटली झाकून ठेवलेलं. ताटलीला वाफ लागून थेंब खाली पडले आणि रव्याच्या गाळासकट तळाशी बसले. तळलेलं तेल आधी उघडंच पूर्ण गार होऊ द्यायचं, मग कोरड्या गाळणीने गाळायचं. आणि दुसऱ्या दिवशी वापरताना वाटी हळू तिरकी करून वरचं तेवढं ओतायचं, तळाचा चमचाभर गढूळ थर वाटीतच सोडायचा.